निविदेसोबतचे कव्हरिंग लेटर: पात्रतेची प्रत्येक अट पत्रातच कशी सिद्ध करावी

नागपुरात सिव्हिल लाइन्समधली सरकारी कार्यालये, महानगरपालिका, सुधार प्रन्यास, वेकोलि आणि मिहानमधल्या संस्था मिळून वर्षभर निविदा निघत असतात. त्या भरणाऱ्या लहान संस्थांची कागदपत्रे बहुतेक वेळा पुरेशी असतात, पण त्यांच्यावर लावलेले पत्र मात्र तीन ओळींचे असते : "आपल्या निविदेतील सर्व अटी व शर्ती आम्हास मान्य असून आवश्यक कागदपत्रे सोबत जोडली आहेत." हे वाक्य खोटे नसले तरी त्यातून छाननी करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

तांत्रिक लिफाफा उघडल्यानंतर कार्यालयातील लिपिक किंवा लेखा शाखेतील कर्मचारी एक छाननी तक्ता तयार करतो. त्यात डावीकडे निविदेतल्या पात्रतेच्या अटी असतात, वर निविदाकारांची नावे असतात आणि प्रत्येक घरात "पात्र" किंवा "अपात्र" असे लिहून शेजारी पुराव्याचे पान नोंदवायचे असते. समितीपुढे पुढे हाच तक्ता जातो. म्हणून हा तक्ता भरणाऱ्याला आपले घर आपल्या पत्रावरूनच भरता आले पाहिजे, अशा बेताने कव्हरिंग लेटर लिहावे. लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. ते कल्पित आहे, पण त्यातल्या अटी अशा निविदांत नेहमी दिसणाऱ्या आहेत.

उदाहरण

सिव्हिल लाइन्समधील एका शासकीय कार्यालयाने इमारतीच्या वार्षिक साफसफाईसाठी 12 नोव्हेंबर 2024 रोजी ई-निविदा काढली, असे समजू. अंदाजपत्रकीय रक्कम जीएसटी वगळून 90 लाख रुपये आहे आणि निविदा भरण्याची शेवटची तारीख 2 डिसेंबर 2024 आहे. पात्रतेच्या अटी परिच्छेद 4.1 ते 4.8 मध्ये दिल्या आहेत : संस्थेची नोंदणी, पॅन व जीएसटी, पीएफ व ईएसआयची नोंदणी आणि मागील तीन महिन्यांची चलने, तीन वर्षांची सरासरी उलाढाल किमान 50 लाख, समान स्वरूपाच्या कामांचा अनुभव, काळ्या यादीत नसल्याचे शपथपत्र, नागपुरात कार्यालय आणि 90,000 रुपये बयाणा रक्कम. निविदा भरणारी संस्था धरमपेठेतील एक भागीदारी संस्था आहे.

आधी अटी उतरवून घ्या

निविदा पुस्तिका उघडून पात्रतेची प्रत्येक अट तिच्या क्रमांकासह आणि तिच्याच शब्दांत एका कागदावर उतरवावी. आपल्या शब्दांत सारांश करू नये, कारण अटीचा जीव बहुधा एखाद्या लहान शब्दात असतो. "सरासरी उलाढाल" आणि "प्रत्येक वर्षी उलाढाल", "पूर्ण केलेली कामे" आणि "केलेली कामे", "कधीही काळ्या यादीत नव्हती" आणि "सध्या काळ्या यादीत नाही" या जोड्यांमध्ये पात्र आणि अपात्र एवढा फरक पडू शकतो.

सगळ्या अटी "पात्रता" या शीर्षकाखालीच सापडतील, असे समजू नये. एखादी अट "निविदाकारांना सूचना" या प्रकरणात असते, एखादी कामाच्या व्याप्तीत दडलेली असते आणि एखादी शुद्धिपत्रकाने नंतर आलेली असते. त्यामुळे पुस्तिका संपूर्ण वाचल्याशिवाय पत्राला हात घालू नये. अटी ज्या क्रमाने निविदेत आहेत त्याच क्रमाने पत्रात याव्यात. आपली भक्कम बाजू आधी मांडण्याचा मोह होतो, पण तक्ता भरणाऱ्याला त्यासाठी मागेपुढे पाने चाळावी लागतात.

प्रत्येक अटीखाली चार गोष्टी

पत्रातील प्रत्येक नोंदीत अटीचा क्रमांक, अटीचा मूळ मजकूर, त्यासमोर आपली नेमकी वस्तुस्थिती आणि पुराव्याचा पृष्ठ क्रमांक असावा. यातली तिसरी गोष्ट लोक हमखास गाळतात. "अटीची पूर्तता केली आहे" हा आपला निष्कर्ष झाला. निष्कर्ष काढण्याचे काम समितीचे आहे आणि त्यासाठी तिला आकडा, तारीख किंवा क्रमांक हवा असतो. पीएफच्या अटीची नोंद अशी लिहिता येईल :

"अट 4.3 : निविदाकाराकडे भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा योजनेची नोंदणी असावी व निविदा सादर करण्यापूर्वीच्या तीन महिन्यांची चलने जोडावीत. आमची स्थिती : दोन्ही नोंदण्या संस्थेच्या नावे असून संकेतांक पृष्ठ 14 व 15 वरील पत्रांत आहेत. ऑगस्ट, सप्टेंबर व ऑक्टोबर 2024 या महिन्यांची चलने व भरणा पावत्या पृष्ठ 16 ते 27 वर जोडल्या आहेत. नोव्हेंबर 2024 चा भरणा 15 डिसेंबर 2024 पर्यंत देय आहे."

या नोंदीतले शेवटचे वाक्य मुद्दाम लिहिले आहे. पीएफ आणि ईएसआय या दोन्हींचा भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत करायचा असतो. 2 डिसेंबरला निविदा भरणाऱ्याकडे नोव्हेंबरचे चलन नसणे स्वाभाविक आहे, पण "मागील तीन महिने" म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर असे वाचणारा कोणी निघाला, तर त्याचा प्रश्न पत्रातच मिटतो.

उलाढालीची अट

उदाहरणातील संस्थेची उलाढाल 2021-22 मध्ये 41,20,000 रुपये, 2022-23 मध्ये 54,60,000 रुपये आणि 2023-24 मध्ये 63,70,000 रुपये आहे. तिन्हींची बेरीज 1,59,50,000 आणि सरासरी 53,16,667 रुपये येते. अट सरासरी 50 लाखांची असल्याने संस्था पात्र आहे, पण पहिल्या वर्षाचा आकडा 50 लाखांच्या आत आहे हेही खरे. काही जण अशा वेळी फक्त सरासरी लिहितात आणि वर्षवार आकडे सीएच्या दाखल्यावर सोडून देतात. तसे करू नये. तिन्ही आकडे, बेरीज आणि भागाकार पत्रातच लिहावा. छाननीत पहिल्या वर्षाच्या आकड्यावर कोणाची तरी नजर जाणारच. तेव्हा अटीतला "सरासरी" हा शब्द आणि आपला हिशेब एकाच ठिकाणी असला, की शंका तिथेच संपते.

सीएच्या दाखल्यावर यूडीआयएन असल्याची खात्री करावी. हा 18 अंकी क्रमांक अशा दाखल्यांवर 1 फेब्रुवारी 2019 पासून बंधनकारक असून सनदी लेखापालांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही तो पडताळता येतो. तो पत्रातही लिहावा. दाखल्यातील, ताळेबंदासोबतच्या नफा-तोटा पत्रकातील आणि पत्रातील आकडा रुपयापर्यंत एकच असावा. दाखल्यात "53.17 लाख" आणि पत्रात "53,16,667" असे झाले तरी ते गणिताने चूक नाही, पण तक्ता भरणाऱ्याला उगाच थांबावे लागते.

आणखी दोन गोष्टी सीएला आधीच विचाराव्यात. निविदेत "लेखापरीक्षित ताळेबंद" मागितला आहे का, हे पाहावे. एक कोटीच्या आत उलाढाल असलेल्या व्यवसायाला प्राप्तिकर कायद्याखाली लेखापरीक्षण सहसा बंधनकारक नसते, त्यामुळे आपल्याकडे फक्त विवरणपत्र व साधा ताळेबंद असण्याची शक्यता मोठी. अट लेखापरीक्षिताची असेल, तर ते काम आधी करून घ्यावे लागते आणि मुदतीच्या आदल्या दिवशी ते होत नाही. दुसरे म्हणजे अट एकूण उलाढालीची आहे की फक्त साफसफाई सेवेच्या उलाढालीची. संस्था फिनेल आणि झाडूही विकत असेल, तर सेवेची रक्कम दाखल्यात वेगळी दाखवून घ्यावी लागेल.

अनुभवाची अट : इथेच सर्वाधिक निविदा पडतात

उदाहरणातील अट 4.5 सरकारी निविदांमध्ये फार प्रचलित असलेल्या सूत्राची आहे. मागील सात वर्षांत अंदाजपत्रकीय रकमेच्या 80 टक्के किमतीचे समान स्वरूपाचे एक काम, किंवा 50 टक्क्यांची दोन कामे, किंवा 40 टक्क्यांची तीन कामे पूर्ण केलेली असावीत. सात वर्षांचा कालावधी निविदा ज्या महिन्यात निघाली त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपतो. म्हणजे इथे तो 1 नोव्हेंबर 2017 ते 31 ऑक्टोबर 2024 असा आहे. 90 लाखांवर हे तीन पर्याय अनुक्रमे 72 लाख, 45 लाख आणि 36 लाख असे येतात.

संस्थेकडे तीन कामे आहेत. एका रुग्णालयाचे जुलै 2021 ते जून 2022 या काळातील काम 47,30,000 रुपयांचे आहे, एका खासगी महाविद्यालयाचे एप्रिल 2022 ते मार्च 2023 या काळातील काम दाखल्याप्रमाणे 45,80,000 रुपयांचे आहे आणि एका कार्यालय संकुलाचे ऑगस्ट 2023 ते जुलै 2024 या काळातील काम 36,90,000 रुपयांचे आहे. वरवर पाहता पहिली दोन कामे 45 लाखांच्या वर आहेत. मग दोन कामांचा पर्याय घेऊन तिसऱ्याचे दाखले जोडण्याचा त्रास कशाला, असे कोणालाही वाटेल.

आता महाविद्यालयाचा दाखला नीट वाचा. त्यातली रक्कम 18 टक्के जीएसटीसह आहे. 45,80,000 ला 1.18 ने भागले की मूळ रक्कम 38,81,356 रुपये उरते. निविदेची अंदाजपत्रकीय रक्कम जीएसटी वगळून दिलेली असल्याने तुलनाही वगळूनच व्हायला हवी, आणि मग हे काम 45 लाखांच्या खाली जाते. पत्रात दोन कामांचा पर्याय लिहिला असेल, तर सोबतच्या देयकांवरून हा फरक लगेच उघड होतो आणि तिसऱ्या कामाचे कागद न जोडल्यामुळे बचावाला काही उरत नाही. उलट तीन कामांचा पर्याय घेतला, तर तिन्ही रकमा 36 लाखांच्या वर राहतात. बाकीच्या दोन दाखल्यांवरील रकमाही जीएसटी वगळूनच आहेत ना, हे अर्थात आधी तपासलेले असावे.

म्हणून अनुभवाच्या नोंदीत सुरुवातीलाच कोणता पर्याय घेतला आहे ते स्पष्ट लिहावे आणि मग प्रत्येक कामाची माहिती द्यावी :

"अट 4.5 : आम्ही या अटीतील तिसऱ्या पर्यायानुसार, म्हणजे प्रत्येकी किमान 36,00,000 रुपयांच्या तीन पूर्ण केलेल्या कामांच्या आधारे पात्रता दर्शवीत आहोत. सर्व रकमा जीएसटी वगळून आहेत. काम दुसरे : महाविद्यालय इमारतीची साफसफाई, 1 एप्रिल 2022 ते 31 मार्च 2023, दाखल्यातील रक्कम जीएसटीसह 45,80,000 रुपये, जीएसटी वगळून 38,81,356 रुपये. कार्यादेश पृष्ठ 48, कामपूर्णत्वाचा दाखला पृष्ठ 50, टीडीएस दाखला पृष्ठ 51."

कार्यादेश आणि कामपूर्णत्वाचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत. कार्यादेशावरून काम मिळाले एवढेच कळते, काम पूर्ण झाले हे दाखल्यावरूनच सिद्ध होते. दाखल्यावर जावक क्रमांक, तारीख, कामाचा कालावधी, प्रत्यक्ष अदा झालेली रक्कम आणि सही करणाऱ्याचे पदनाम असावे. खासगी कामांसाठी अनेक निविदांत टीडीएसचा दाखलाही मागतात, कारण लेटरहेडवर आकडा काहीही लिहिता येतो पण टीडीएसवरून रक्कम खरोखर मिळाल्याचे दिसते. काम अजून चालू असेल, तर चालू कामाचा पूर्ण झालेला भाग धरता येईल का, हे निविदेत शोधावे. तसे लिहिलेले नसेल, तर त्या कामावर भिस्त ठेवू नये. संदिग्धता असेल, तर निविदापूर्व बैठकीत किंवा शंका विचारण्याच्या मुदतीत लेखी विचारावे. कव्हरिंग लेटरमध्ये आपला अर्थ समजावून सांगत बसण्याची ती जागा नव्हे.

शपथपत्र, कार्यालय आणि बयाणा

काळ्या यादीची नोंद लिहिताना निविदेतील नमुन्याचे शब्द जसेच्या तसे घ्यावेत आणि शपथपत्रातही तेच असावेत. जिल्हा न्यायालयाच्या परिसरात नोटरीकडे तयार मजकूर मिळतो आणि तो बहुधा दुसऱ्याच कुठल्या निविदेचा असतो. त्यात या निविदेचा क्रमांक व दिनांक नसेल, तर आपला मजकूर छापून न्यावा. शपथपत्राची तारीख निविदा प्रसिद्ध झाल्यानंतरची असावी. मुद्रांकाची किंमत निविदेत दिली असेल तीच घ्यावी.

स्थानिक कार्यालयासाठी गुमास्ता नोंदणी, भाडेकरार आणि जीएसटी प्रमाणपत्र यांवरील पत्ता एकच आहे ना, ते पाहावे. पुण्या-मुंबईची संस्था असेल, तर नागपूरचा पत्ता जीएसटी प्रमाणपत्रात व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण म्हणून आलेला असावा. नुसता भाडेकरार पुरेसा मानला जाईलच असे नाही.

बयाणा रक्कम भरली असेल, तर रक्कम, व्यवहार क्रमांक आणि दिनांक लिहून पावतीचे पान द्यावे. सूट मागायची असेल, तर कोणत्या कलमाखाली मागतो ते लिहिणे अत्यावश्यक आहे. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात बयाण्याची सवलत सूक्ष्म व लघु उद्योगांना आहे, मध्यम उद्योगांना नाही. त्यामुळे उद्यम प्रमाणपत्रावर आपला वर्ग काय आहे ते पाहावे. राज्य सरकारच्या वा महापालिकेच्या निविदेत सवलत आहे की नाही, हे त्या निविदेच्या मजकुरावरून ठरते. प्रमाणपत्र जोडले म्हणजे सूट मिळालीच, या समजुतीत कित्येक निविदा पहिल्याच पायरीवर बाद होतात.

पत्रात काय येऊ नये

तांत्रिक लिफाफ्यातील पत्रात दराचा उल्लेख अजिबात नको. "आमचे दर अत्यंत वाजवी आहेत" हे निरुपद्रवी वाटते, पण "दरमहा सुमारे सात लाखांत आम्ही हे काम करू" असे लिहिले, की आर्थिक लिफाफा उघडण्याआधीच दर फुटला आणि निविदा बाद होण्यास कारण मिळाले.

दुसरे, अटीला जोडून आपली अट येऊ नये. "किमान वेतन वाढल्यास दरवाढ द्यावी लागेल या अटीवर मान्य" असे एक वाक्य आले, तरी निविदा सशर्त ठरते. "उर्वरित कागदपत्रे मागणी केल्यास सादर करू" हे वाक्यही टाळावे. ते विनयाचे वाटते, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीतरी जोडायचे राहिले आहे असाच संदेश जातो. समिती काही वेळा आधीपासून अस्तित्वात असलेल्या कागदाबाबत खुलासा मागते, पण तो अधिकार तिचा आहे.

पत्राची सुरुवात, शेवट आणि सही

सुरुवातीला प्रति, विषय आणि संदर्भ असावा. संदर्भात निविदा क्रमांक, प्रसिद्धीचा दिनांक आणि निघालेल्या प्रत्येक शुद्धिपत्रकाचा क्रमांक लिहावा. पुढे एवढेच पुरे : "महोदय, उपरोक्त निविदेच्या अनुषंगाने आम्ही आमची निविदा सादर करीत असून परिच्छेद 4.1 ते 4.8 मधील प्रत्येक पात्रता अटीबाबतची आमची स्थिती व पुराव्याचे पृष्ठ क्रमांक खाली देत आहोत." संस्थेचा इतिहास, पारितोषिके आणि "आमचे ध्येय ग्राहकांचे समाधान" यांना इथे जागा नाही.

नोंदींनंतर शेवटी निविदा 120 दिवस, किंवा निविदेत असेल तितके दिवस, वैध राहील आणि शुद्धिपत्रकासह सर्व अटी विनाशर्त मान्य आहेत, असे लिहावे. सही अधिकारपत्रात नाव असलेल्या भागीदाराचीच हवी आणि पोर्टलवर निविदा भरताना वापरली जाणारी डिजिटल स्वाक्षरीही त्याच्याच नावाची असावी. पत्रावर एक भागीदार, शपथपत्रावर दुसरा आणि डिजिटल स्वाक्षरी ऑफिसातल्या पोराच्या नावाची, असा प्रकार झाला की अधिकाराचाच प्रश्न उभा राहतो. पत्राची तारीख सोबत जोडलेल्या शेवटच्या कागदाच्या आधीची नसावी, कारण 25 नोव्हेंबरच्या पत्रात 28 नोव्हेंबरच्या शपथपत्राचे पान नमूद होऊ शकत नाही.

पृष्ठ क्रमांक कधी घालावेत

पत्राचा सांगाडा सगळ्यात आधी तयार होतो, पण पृष्ठ क्रमांक सगळ्यात शेवटी भरले जातात. सर्व कागद स्कॅन करून, क्रमाने लावून, पत्रासकट सलग क्रमांक दिल्यावरच पत्रातल्या मोकळ्या जागा भराव्यात. आयत्या वेळी एक पान मध्ये घुसले, की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. तेव्हा पत्र नव्याने छापावे. हाताने खाडाखोड करून "50" चे "51" करू नये.

mahatenders.gov.in सारख्या पोर्टलवर कागद अनेकदा वेगवेगळ्या फाइलमध्ये चढवावे लागतात. तेव्हा पृष्ठ क्रमांकासोबत फाइलचे नावही पत्रात लिहावे, उदाहरणार्थ `05_Experience.pdf`, पृष्ठ 42 ते 58. फाइलचे नाव अटीच्या क्रमाला धरून ठेवले, तर शोधणाऱ्याला पत्र वाचतानाच फाइल कुठली ते कळते.

सही झाल्यावर पत्र संस्थेतल्या दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावे आणि त्याला फक्त पत्र हातात घेऊन प्रत्येक नोंदीचे पान उघडायला सांगावे. लिहिलेल्या पानावर लिहिलेलाच कागद आणि लिहिलेलाच आकडा त्याला सापडला पाहिजे. त्यानंतर पोर्टलवर पुन्हा एकदा शुद्धिपत्रक आले आहे का ते पाहावे, कारण मुदतीच्या अखेरच्या दोन दिवसांत पात्रतेचा आकडा बदलल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत. नवे शुद्धिपत्रक असेल, तर संदर्भ आणि संबंधित नोंद दोन्ही बदलून पत्रावर नव्याने सही घ्यावी, नसेल तर फाइल चढवून निविदा फ्रीझ करावी आणि पोचपावती डाउनलोड करून ठेवावी.